बिटकॉइन डॉमिनन्स आणि ऑल्टकॉइनकडे वळणारा पैसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिटकॉइन डॉमिनन्स म्हणजे नेमकं काय मोजतात?

सगळ्या क्रिप्टो नाण्यांचं मिळून जे बाजारमूल्य होतं, त्यात बिटकॉइनचा वाटा किती टक्के आहे, तो आकडा म्हणजे डॉमिनन्स. बिटकॉइन सोडून बाकीच्या नाण्यांना ऑल्टकॉइन म्हणतात. बाजारमूल्य, म्हणजे मार्केट कॅप, काढायला चलनात असलेल्या नाण्यांची संख्या आणि शेवटच्या सौद्याचा भाव यांचा गुणाकार करतात. ट्रेडिंगव्ह्यू या चार्टच्या साइटवर हा आकडा BTC.D या नावाने दिसतो.

इथेच एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मार्केट कॅप म्हणजे बाजारात ओतलेला पैसा नव्हे. एखाद्या नाण्याचे १० कोटी नग चलनात आहेत आणि भाव १ डॉलर आहे, तर मार्केट कॅप १० कोटी डॉलर. कोणी पाच-दहा लाख डॉलरची खरेदी करून भाव १.२० वर नेला, तर मार्केट कॅप २ कोटींनी वाढतं, पण आत आलेले असतात ते पाच-दहा लाखच. ऑर्डर बुक, म्हणजे नोंदवलेल्या खरेदी-विक्रीच्या मागण्यांची यादी, जितकं पातळ, तितकी ही तफावत मोठी. त्यामुळे डॉमिनन्स हा भावांच्या प्रमाणाचा आकडा आहे. पैसा कुठून कुठे गेला याचा तो माग देतो, हिशेब देत नाही.

डॉमिनन्स घसरला की पैसा ऑल्टकॉइनमध्ये जातोय, असं लोक का म्हणतात?

कारण एके काळी ते शब्दशः खरं होतं. २०१७ पर्यंत बहुतेक एक्स्चेंजवर लहान नाणी डॉलरमध्ये नव्हे, तर बिटकॉइनमध्येच विकत मिळायची. ऑल्टकॉइन घ्यायचं तर आधी बिटकॉइन घ्या आणि मग तो विकून ते नाणं घ्या. २०१७ च्या सुरुवातीला डॉमिनन्स ८५ टक्क्यांच्या वर होता. जूनच्या मध्यापर्यंत तो ४० च्या आसपास आला आणि एकट्या इथेरियमचा वाटा ३० टक्क्यांवर पोचला. वर्षअखेरीस बिटकॉइन २०,००० डॉलरकडे धावला तेव्हा डॉमिनन्स पुन्हा ६० च्या वर गेला, आणि जानेवारी २०१८ मध्ये थेट ३३ च्या आसपास उतरला. आधी बिटकॉइन पळतो, मग त्यातला नफा लहान नाण्यांकडे वळतो, हा क्रम लोकांच्या डोक्यात तेव्हापासून बसला.

त्यामागचं कारणही साधं आहे. बिटकॉइन महिन्याभरात दीडपट झाला की ज्यांच्याकडे तो आधीपासून आहे त्यांच्या हातात मोठा कागदी नफा असतो. भाव थबकला की त्यातला काही भाग जास्त जोखमीच्या नाण्यात टाकायची त्यांची तयारी असते. लहान नाण्याचं मार्केट कॅप कमी असल्याने तेवढ्याच पैशात त्याचा भाव कितीतरी जास्त हलतो.

आज मात्र बरीचशी उलाढाल यूएसडीटीसारख्या, भाव एका डॉलरशी बांधलेल्या स्टेबलकॉइनमध्ये होते. पैसा बिटकॉइनला हात न लावताही ऑल्टकॉइनमध्ये येतो आणि बाहेर पडतो. म्हणून डॉमिनन्सची रेघ एकटी वाचून पूर्वीइतकं काही कळत नाही.

एकटी का वाचू नये? घसरण ती घसरणच ना?

दोन तारखा शेजारी ठेवून बघा. मे २०२१ च्या मध्याला डॉमिनन्स ४० टक्क्यांच्या आसपास होता. नोव्हेंबर २०२२ मध्येही तो ४० च्या आसपासच होता. रेघेवर दोन्ही ठिकाणं जवळपास एकाच उंचीवर दिसतात.

मे २०२१ मध्ये संपूर्ण बाजाराचं मूल्य अडीच लाख कोटी डॉलरच्या घरात होतं, इथेरियम नव्या उच्चांकावर होता आणि डोजकॉइन ७० सेंटच्या वर जाऊन आला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स एक्स्चेंज बुडालं होतं, बिटकॉइन १६,००० डॉलरच्या आसपास लोळत होता आणि ऑल्टकॉइन त्याहून वाईट अवस्थेत होते. मग डॉमिनन्स कमी कसा? कारण लोक बिटकॉइन आणि ऑल्टकॉइन दोन्ही विकून स्टेबलकॉइनमध्ये बसले होते, आणि स्टेबलकॉइनसुद्धा एकूण मूल्यात मोजले जातात. मे २०२१ मध्ये त्यांचा वाटा चार-पाच टक्क्यांच्या आत होता; नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बाजाराच्या साधारण सहाव्या हिश्शाइतका झाला होता. एकदा आकडा हावेमुळे ४० वर आला, दुसऱ्यांदा भीतीमुळे. माझ्या मते डॉमिनन्स शिकताना सगळ्यात आधी हीच जोडी पाहायला हवी.

म्हणजे डॉमिनन्स कोणकोणत्या कारणांनी घसरू शकतो? आकड्यांत दाखवा.

सोपा, काल्पनिक बाजार घेऊ. एकूण मूल्य १००. त्यात बिटकॉइन ६०, इथेरियम १२, बाकीचे ऑल्टकॉइन २० आणि स्टेबलकॉइन ८. डॉमिनन्स ६० टक्के.

पहिली शक्यता: बिटकॉइन १० टक्के पडला आणि इथेरियम व बाकीचे ५ टक्के पडले. आता बिटकॉइन ५४, इथेरियम ११.४, बाकीचे १९, स्टेबलकॉइन ८, एकूण ९२.४. डॉमिनन्स ५८.४. रेघ खाली आली, पण ऑल्टकॉइन घेणाऱ्या प्रत्येकाचं नुकसानच झालं आहे.

दुसरी शक्यता: भाव कुठलेच हलले नाहीत, फक्त ५ इतक्या मूल्याचे नवे स्टेबलकॉइन तयार झाले. एकूण १०५, डॉमिनन्स ५७.१. ही घसरण पहिलीपेक्षा मोठी आहे आणि तरी ऑल्टकॉइनमध्ये एक पैसाही गेलेला नाही. हे नवे स्टेबलकॉइन पुढे ऑल्टकॉइन घ्यायला वापरले जातीलही, पण ते अजून व्हायचं आहे.

तिसरी शक्यता: बिटकॉइन ६० वरच राहिला, इथेरियम १४ झाला, बाकीचे २५ झाले. एकूण १०७, डॉमिनन्स ५६.१. हा खरा कल.

तिन्ही वेळा रेघ खालीच गेली. पहिली आणि तिसरी शक्यता वेगळी करायला बिटकॉइन सोडून उरलेल्या बाजाराचं मूल्य पाहायचं. ट्रेडिंगव्ह्यूवर ते TOTAL2 नावाने मिळतं. पहिल्यात ते ४० वरून ३८.४ वर आलं, तिसऱ्यात ४७ वर गेलं. दुसऱ्या शक्यतेत मात्र TOTAL2 सुद्धा फसवतं, कारण त्यात स्टेबलकॉइन धरलेले असतात: ४० चे ४५ झालेले दिसतात आणि माणूस हुरळतो.

स्टेबलकॉइन वजा करून डॉमिनन्स पाहता येतो का?

येतो, आणि माझ्या मते तोच पाहावा. ट्रेडिंगव्ह्यूच्या चिन्हाच्या चौकटीत हे टाकलं की रेघ तयार होते:

```
CRYPTOCAP:BTC/(CRYPTOCAP:TOTAL-CRYPTOCAP:USDT-CRYPTOCAP:USDC)
```

उत्तर ०.६ असं अपूर्णांकात येतं, म्हणजे ६० टक्के. यूएसडीटी आणि यूएसडीसी हे दोन सर्वांत मोठे स्टेबलकॉइन आहेत. उरलेले लहान आत राहतात, पण रेघेची दिशा कळायला एवढं पुरतं.

वरच्याच उदाहरणाला ही गाळणी लावू. सुरुवातीला ६० भागिले ९२, म्हणजे ६५.२ टक्के. पहिल्या शक्यतेत ६४. दुसऱ्या शक्यतेत आकडा ६५.२ वरच थांबतो, म्हणजे नुसती स्टेबलकॉइनची भर आपोआप गळून जाते. तिसऱ्या शक्यतेत ६०.६, म्हणजे खरी घसरण इथे उठून दिसते. नोव्हेंबर २०२२ ला हीच वजाबाकी केली तर ४० च्या जवळचा आकडा पंचेचाळीसच्या पुढे जातो, मे २०२१ चा मात्र फारसा हलत नाही.

खरोखर पैसा फिरला तेव्हा चित्र कसं होतं?

एप्रिल-मे २०२१ चे चार आठवडे यासाठी सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे.

त्या वर्षी जानेवारीच्या सुरुवातीला डॉमिनन्स ७० टक्क्यांच्या आसपास होता. १४ एप्रिलला कॉइनबेस कंपनीचे शेअर नॅसडॅकवर आले, त्याच दिवशी बिटकॉइनने सुमारे ६४,८०० डॉलरचा तेव्हाचा उच्चांक गाठला आणि मग तो थकला. पुढचे चार आठवडे तो बहुतांश वेळ पन्नास ते साठ हजारांच्या पट्ट्यात रेंगाळला. इथेरियम १४ एप्रिलला साधारण २,४०० डॉलर होता, तो १२ मेला ४,३०० च्या वर गेला.

आता या दोन भावांचं गुणोत्तर पाहा. बाजारात त्याला ETH/BTC म्हणतात. १४ एप्रिलला एक इथेरियम ०.०३८ बिटकॉइनच्या आसपास मिळत होता. मेच्या मध्यापर्यंत त्याला ०.०८ बिटकॉइन मोजावे लागत होते. महिन्याभरात इथेरियम बिटकॉइनच्या मापाने दुप्पट महाग झाला. इथेरियमच्या नंतर लहान नाण्यांची रांग लागली. एप्रिलच्या मध्याला १२-१३ सेंटचा डोजकॉइन ८ मेपर्यंत ७० सेंटच्या वर गेला होता.

चार गोष्टी एकाच वेळी घडत होत्या. बिटकॉइनचा भाव मोठा पडला नव्हता. बिटकॉइन सोडून उरलेला बाजार वाढत होता. ETH/BTC चढत होता. आणि स्टेबलकॉइनचा वाटा फुगत नव्हता. या चारांतली एखादी गैरहजर असेल तर मी त्याला पैसा फिरला असं म्हणत नाही, डॉमिनन्स कितीही घसरो.

आणि त्याचा शेवट कसा झाला?

आठवड्याभरात. १२ मेला रात्री इलॉन मस्क यांनी टेस्ला बिटकॉइन स्वीकारणं थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि बिटकॉइन घसरू लागला. तरीही दोन-तीन दिवस डॉमिनन्स खालीच येत होता, कारण ऑल्टकॉइन अजून तग धरून होते. १५ मेच्या सुमाराला ETH/BTC चा कळस झाला. १९ मेला सगळंच कोसळलं: बिटकॉइन काही काळ ३०,००० डॉलरपर्यंत आला आणि इथेरियम २,००० च्या खाली गेला.

लक्ष द्यायचं ते त्या मधल्या दोन-तीन दिवसांकडे. बिटकॉइन पडतोय आणि डॉमिनन्सही पडतोय, हे दृश्य अनेकांना ऑल्टकॉइनच्या ताकदीचं लक्षण वाटतं. बहुतेक वेळा तो उशीर असतो. मोठी विक्री आधी बिटकॉइनमध्ये होते, कारण तिथे खरेदीदार सापडतात. उसनवारीवर घेतलेले ऑल्टकॉइन मागाहून विकले जातात आणि पातळ ऑर्डर बुकात ते जास्त पडतात. जानेवारी २०१८ मध्येही हेच झालं होतं. बिटकॉइन डिसेंबरच्या उच्चांकावरून बराच खाली आला होता आणि त्याच वेळी डॉमिनन्स तळ गाठत होता. तेव्हा डॉमिनन्सच्या तळाशी लोकांनी घेतलेल्या ऑल्टकॉइनपैकी कित्येक नाणी तो भाव पुन्हा बघू शकली नाहीत.

म्हणून TOTAL2 नवा उच्चांक करत नसताना डॉमिनन्स खाली सरकत असेल, तर नवी खरेदी थांबवावी असं माझं स्पष्ट मत आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये तर सगळी लक्षणं होती. मग ऑल्ट सीझन, म्हणजे ऑल्टकॉइनच्या सरसकट तेजीचा काळ, का आला नाही?

अमेरिकेची निवडणूक झाल्यावर बिटकॉइन जोरात चढला, २१ नोव्हेंबरच्या सुमाराला डॉमिनन्स ६१ च्या पुढे होता आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो पंचावन्नच्या जवळ आला. बिटकॉइनने ५ डिसेंबरला एक लाख डॉलर ओलांडले. कागदावर सगळं जुळत होतं.

आतमध्ये मात्र ती घसरण अरुंद होती. तिचा मोठा भाग एकट्या एक्सआरपीने खेचला होता. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अर्ध्या डॉलरचं हे नाणं महिन्याभरात अडीच डॉलरच्या पलीकडे गेलं. इतक्या मोठ्या मार्केट कॅपचं नाणं पाचपट झालं तर डॉमिनन्स खाली येणारच. पण ETH/BTC ०.०३२ वरून ०.०४ च्या आसपास जाऊन अडखळला, २०२१ मधल्या दुपटीच्या जवळपासही फिरकला नाही. ९ डिसेंबरला ऑल्टकॉइन जोरात पडले आणि मग महिनोन्‌महिने डॉमिनन्स चढतच राहिला. एप्रिल २०२५ मध्ये ETH/BTC ०.०२ च्याही खाली होता आणि जूनच्या अखेरीला डॉमिनन्स ६५ च्या आसपास.

रुंदी तपासायची साधी पद्धत अशी: OTHERS.D नावाची रेघ पहिली दहा नाणी सोडून उरलेल्यांचा वाटा दाखवते. BTC.D खाली येत असताना ती टिकून वर जात असेल तर पैसा खरंच पसरतोय. ती जागची हलत नसेल तर दोन-तीन मोठी नाणीच पळत आहेत, आणि तुमच्याकडचं चाळिसाव्या क्रमांकाचं नाणं त्या गाडीत बसलेलं नाही.

२०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्येही डॉमिनन्स ६५ वरून ५८ च्या आसपास आला. तेव्हा इथेरियमने साडेचार हजार डॉलर ओलांडून नवा उच्चांक केला. खरेदी मुख्यतः शेअर बाजारात विकल्या जाणाऱ्या इथेरियमच्या फंडांमधून, म्हणजे ईटीएफमधून, आणि ताळेबंदावर इथेरियम साठवणाऱ्या कंपन्यांकडून होत होती. त्या पैशाची वाट इथेरियमपाशीच संपत होती. लहान नाण्यांना त्यातलं फार थोडं मिळालं.

ईटीएफमुळे हे सगळं बदललं का?

बदललं, आणि कायमचं असं मला वाटतं. अमेरिकेत १० जानेवारी २०२४ ला स्पॉट बिटकॉइन ईटीएफना मंजुरी मिळाली. त्यातून जो पैसा आला तो शेअर बाजाराच्या खात्यातून आला. ईटीएफचं युनिट विकलं की पैसा पुन्हा त्या खात्यातच जातो. तिथून तो एखाद्या लहान नाण्यात शिरायची सोपी वाट नाही. पूर्वी बिटकॉइनमधला नफा आणि ऑल्टकॉइन एकाच एक्स्चेंजच्या एकाच खात्यात शेजारी असायचे. आता बिटकॉइनचा मोठा हिस्सा अशा हातांत आहे जे ऑल्टकॉइन घेऊच शकत नाहीत किंवा घेऊ इच्छित नाहीत. म्हणून २०१७ आणि २०२१ ची वेळापत्रकं आजच्या बाजारावर जशीच्या तशी चिकटवू नयेत.

शिवाय नाण्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढली आहे. तेवढाच पैसा आता जास्त ठिकाणी विभागला जातो.

वेगवेगळ्या साइटवर डॉमिनन्सचा आकडा वेगळा का दिसतो?

कोण किती नाणी मोजतं यावर ते अवलंबून आहे. ट्रेडिंगव्ह्यू वरची १२५ नाणी धरतं, तर कॉइनमार्केटकॅप आणि कॉइनगेको हजारो. जास्त नाणी मोजली की छेद मोठा आणि डॉमिनन्स कमी. दोन-तीन टक्क्यांचा फरक नेहमीचा आहे, म्हणून एकच साइट धरून तिचाच इतिहास पाहावा.

पद्धत बदलली तरी रेघ उडी मारते. ८ जानेवारी २०१८ ला कॉइनमार्केटकॅपने दक्षिण कोरियातल्या काही एक्स्चेंजचे भाव सरासरीतून काढून टाकले. तिथले भाव इतर देशांपेक्षा बरेच चढे होते. एक्सआरपीसारख्या नाण्यांची मार्केट कॅप क्षणात घसरलेली दिसली आणि बाजार कोसळला म्हणून लोक खरोखर विकायला लागले.

अमुक टक्क्यांवर डॉमिनन्स आला की ऑल्ट सीझन, अशी एखादी पातळी आहे?

नाही. २०१७-१८ मध्ये तळ ३३ च्या आसपास होता, २०२१ मध्ये ४० च्या. एवढ्या थोड्या चक्रांवरून कायमची पातळी ठरवता येत नाही, आणि मधल्या काळात स्टेबलकॉइनमुळे छेदच बदलला आहे. दिशा पाहा, आणि तीही आठवड्याच्या बंद भावावर. रोजची एक-दीड टक्क्याची हालचाल एखाद्या मोठ्या नाण्याच्या बातमीनेही होते.

भारतातून हे करायचं तर हिशेब कसा बसतो?

बिटकॉइन देऊन ऑल्टकॉइन घेणं हीसुद्धा आपल्या कायद्यात विक्रीच धरली जाते, रुपये हातात आले नाहीत तरी. २०२२ पासून अशा नफ्यावर ३० टक्के कर आहे, त्यावर ४ टक्के सेस, आणि व्यवहारावर १ टक्का टीडीएस. सगळ्यात जाचक भाग पुढचा आहे: एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही.

समजा तुम्ही २ लाखांचा बिटकॉइन घेतला, तो ३ लाखांचा झाला. डॉमिनन्स घसरताना पाहून तुम्ही सगळा ऑल्टकॉइनमध्ये वळवला. १ लाख नफ्यावर कर ३१,२०० रुपये लागला. ३,००० रुपये टीडीएस कापला गेला, तो करातून वळता होतो. मग डिसेंबर २०२४ सारखं झालं, ऑल्टकॉइन एक तृतीयांश पडले आणि तुम्ही २ लाखांना बाहेर पडलात. टीडीएसमुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण सुरुवातीला २ लाख आणि शेवटीही २ लाखच. हातात कमाई शून्य, आणि ३१,२०० रुपयांचा कर तरीही भरायचा.